पारडीच्या प्लॉटवर वर कडक माती, खाली लोण्यासारखी : फुटिंग आत घुसेल का?

पारडीकर_सिव्हिल
नमस्कार मंडळी. मामाचं घर बांधायचंय, नागपुरात पारडीकडे, प्लॉटपासून जुना नाला साधारण दीडशे मीटरवर. जी प्लस टू, आरसीसी फ्रेम. मी स्वतः साइट इंजिनियर आहे पण दोनच वर्षं झाली आणि ती पण सगळी रस्त्याच्या कामावर, म्हणून विचारतोय.
माती परीक्षणाचा रिपोर्ट आला. एकच बोअर. काळी माती, एसपीटीच्या ठोक्यांचा आकडा म्हणजे एन दीड मीटरवर १३, तीन मीटरवर ३, साडेचारवर ४, आणि सहा मीटरला रिफ्यूजल, म्हणजे खाली झिजलेला खडक लागला. पाणी दोन मीटरवर. सोबत १.२ मीटर खोलीवर ३० सेंमीच्या प्लेटची प्लेट लोड टेस्ट, ती झकास आली. त्यावरून रिपोर्टमध्ये लिहिलंय १.२ मीटरवर एसबीसी, म्हणजे मातीवर सुरक्षित टाकता येणारा दाब, १६ टन प्रति चौरस मीटर घ्या. डिझाइनवाल्याने आतल्या कॉलमला ५० टन लोड धरून २ मीटर बाय २ मीटर फुटिंग दिलंय, म्हणजे साडेबाराच टन येतात, त्याच्या मते भरपूर सेफ.
माझा प्रश्न इतकाच की तीन मीटरवरच्या त्या एन ३ चं काय करायचं? रिपोर्टमध्ये त्यावर एक ओळही नाही. मामा म्हणतो वर एवढी कडक माती आहे की कुदळ उडते, तू उगाच घाबरतोस.

वऱ्हाडी_ठेकेदार
भाऊ एवढं काय टेन्शन घेता. नागपुरात तीस वर्षं पाये काढतोय. काळी माती लागली की खाली जायचं, मुरूम लागेपर्यंत खोदायचं, विषय संपला. १.२ वर नका थांबू, दोन मीटर जा. जेवढं खोल तेवढं पक्कं.

स्लॅबवाले_काका
पंचिंगची भीती असेल तर फुटिंगची जाडी वाढवा. कॉलमच्या तोंडापासून अर्ध्या इफेक्टिव्ह डेप्थवर शिअर तपासा, आयएस ४५६ मध्ये दिलेलं आहे. २ मीटरच्या फुटिंगला ४५० जाडी करा आणि एम २५ वापरा, कॉलम काही घुसणार नाही.

पारडीकर_सिव्हिल
काका, ते तपासलंय, ठीक आहे. मी कॉलम फुटिंगमध्ये घुसण्याबद्दल नाही, अख्खं फुटिंग मातीत घुसण्याबद्दल विचारतोय.

स्लॅबवाले_काका
अच्छा अच्छा. घाईत वाचलं. तो माझा प्रांत नाही, वाचतोय.

मातीवाला
पारडीकर, तुम्ही घाबरताय ते बरोबर घाबरताय. मी पंचवीस वर्षं बोअरच्या मागे फिरलोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
आधी ती प्लेट टेस्ट बाजूला ठेवा. प्लेट ३० सेंमीची. तिचा दाब मातीत तिच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोल जातो, म्हणजे फार तर ६० सेंमी. तुम्ही १.२ वर टेस्ट केली म्हणजे प्लेटला १.८ पर्यंतचीच माती कळली आणि ती सगळी कडक थरातली. तुमचं फुटिंग २ मीटरचं, त्याचा दाब तीन-चार मीटर खाली जाणार, थेट त्या एन ३ मध्ये. प्लेटने खोटं सांगितलं नाही, तिला विचारलंच नव्हतं.
आता फुटिंग मोडतं कसं ते डोळ्यांपुढे आणा. वर कडक थर, खाली मऊ चिकणमाती. भार वाढला की फुटिंगखालचा कडक थराचा चौकोनी तुकडा, फुटिंगच्याच मापाचा, कडेने कापला जातो आणि फुटिंगसकट खालच्या मऊ मातीत उतरतो. म्हणजे भार धरणाऱ्या गोष्टी दोनच. एक, त्या तुकड्याच्या चारी कडांवरची कडक थराची कातर ताकद. दोन, तुकड्याच्या बुडाशी मऊ मातीचा आधार.
तुमचेच आकडे घेऊ. चिकणमातीला कच्चा अंदाज म्हणून एन च्या सहापट किलोपास्कल कोहेजन धरतात. वरची १३ म्हणून साधारण ८ टन प्रति चौरस मीटर, खालची ३ म्हणून १.८. कडक थर कुठे संपतो ते रिपोर्टवरून कळतच नाही, कारण एन दर दीड मीटरला घेतलाय, हद्द १.५ ते ३ मध्ये कुठेही असेल. समजा २.२ मीटर. म्हणजे फुटिंगखाली कडक थर उरला फक्त १ मीटर.
कडा: परीघ ८ मीटर, जाडी १ मीटर, ताकद ८, म्हणजे ६४ टन. पण पूर्ण धरायचे नाहीत, पाऊण धरायचे, कारण खाली सांगतो. झाले ४८ टन. बूड: ४ चौरस मीटर गुणिले १.८ गुणिले ६, हा ६ चौरस फुटिंगचा बेअरिंग फॅक्टर, म्हणजे ४३ टन. दोन्ही मिळून ९१ टनाला फुटिंग जाईल. कॉलमवर ५० आहे. फॅक्टर ऑफ सेफ्टी १.८. नुसता कडक थर धरला तर ८ गुणिले ६ म्हणजे ४८ टन प्रति चौरस मीटर अंतिम आणि तीनने भागून तुमच्या रिपोर्टचे तेच १६ येतात. त्या हिशोबाने त्याच फुटिंगला १९२ टन लागायला हवेत. निम्म्याहून कमी शिल्लक आहे.
पाऊण का, तर कडक माती ताठर असते, ती थोड्याशा हालचालीत कमाल ताकद देते आणि मग फाटते. खालची मऊ माती आपली ताकद द्यायला बरीच दबावी लागते. दोघी एकाच वेळी पूर्ण जोरात नसतात. ब्राउन आणि मेयरहॉफ यांनी १९६९ मध्ये दोन थरांच्या चिकणमातीवर मॉडेल फुटिंग दाबून हेच पाहिलं, त्यांचं सूत्र चौरस-गोल फुटिंगला जवळजवळ असंच येतं. तुमच्याकडे आहे ते असं लिहून पहा, c1 वरच्या थराची ताकद, c2 खालच्याची, H फुटिंगखालच्या कडक थराची जाडी, B फुटिंगची रुंदी:

```
q = c1 * (3*H/B + 6.05*c2/c1)
  = 8 * (3*1.0/2.0 + 6.05*1.8/8)
  = 22.9 टन/चौ.मी.
```

चारने गुणा, तेच ९१ टन. उत्तर नुसत्या कडक थराच्या ताकदीपेक्षा जास्त आलं तर मात्र ती वरची हद्द धरायची. इथे तो प्रश्नच नाही.

काळीमाती
मस्त समजावलंत. आई गार झालेलं पिठलं ताटात वाढायची तेव्हा वर जी साय धरलेली असते ना, बोटाने हळूच दाबलं की थोडा वेळ धरते आणि मग एकदम बोट आत. तसंच हे.

मातीवाला
अगदी. आणि त्यातला "एकदम" महत्त्वाचा. एकसारख्या मऊ मातीवर घर असेल तर ते वर्षानुवर्षं खचतं, भेगा दाखवतं, माणसाला वेळ मिळतो. इथे साय धरून ठेवते, काही दिसत नाही, आणि फाटली की मागे मऊ मातीशिवाय काही नसतं.

वऱ्हाडी_ठेकेदार
मातीवाला साहेब, तुमच्या हिशोबाला मान आहे पण माझं खोल जायचं त्याचं काय? जास्त खोल म्हणजे जास्त चांगलं हे तरी खरं की नाही?

मातीवाला
नागपूरच्या बऱ्याच भागात खरंच खरं आहे हो. धरमपेठ, प्रतापनगर बाजूला काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली दगड, जितकं खोदाल तितकं घट्ट. तुमचा तीस वर्षांचा अनुभव तिथला. पण इथे खाली जाताना माती कडक होत नाही, मऊ होतेय. तुम्ही दोन मीटरवर फुटिंग टाकलंत तर जो कडक थर तुम्हाला वाचवणार होता तोच तुम्ही उकरून ट्रॉलीत भरला. नुसतं अर्धा मीटर जास्त खोदा, १.७ वर जा, तर फुटिंगखाली कडक थर अर्धा मीटर. कडा ४८ वरून २४ टनांवर, बूड तेच ४३. एकूण ६७. सेफ्टी १.३४. खोल जायचं तर सहा मीटर जा, मध्ये थांबू नका.

वऱ्हाडी_ठेकेदार
हे मात्र डोक्यात नव्हतं. मानलं.

रेवती_जिओ
मातीवाला सरांच्या प्लेट टेस्टच्या मुद्द्यावर एक जुनं उदाहरण, मला कॉलेजात हे शिकवलं तेव्हापासून विसरता येत नाही. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे धान्याचं प्रचंड कोठार बांधलं, ऑक्टोबर १९१३ मध्ये पहिल्यांदा भरत होते. पाया एकच मोठा काँक्रीटचा राफ्ट. मातीची क्षमता त्यांनी खड्ड्याच्या तळाशी छोट्या प्लेट टेस्ट करून ठरवली होती आणि त्या उत्तम आल्या होत्या, कारण वरची चिकणमाती ताठ होती. खाली ती मऊ होत गेली होती आणि राफ्टची रुंदी वीस मीटरच्या वर. धान्य भरता भरता एके दिवशी खचायला लागलं आणि चोवीस तासांच्या आत अख्खं कोठार सुमारे २७ अंशात कललं. आश्चर्य म्हणजे कोठारं फुटली नाहीत, नंतर खडकापर्यंत खांब नेऊन सरळ केलं आणि पुन्हा वापरलं. चाळीसेक वर्षांनी तिथे बोअर घेऊन हिशोब लावला तेव्हा खालच्या मऊ मातीसकट काढलेली क्षमता प्रत्यक्ष मोडलेल्या भाराच्या अगदी जवळ आली. म्हणजे शास्त्र बरोबर होतं, टेस्ट उथळ होती.
पारडीकर, तुमची प्लेट आणि ट्रान्सकोनाची प्लेट एकच चूक करतायत.

मनीषनगरचा_मन्या
आमच्याकडे कंपाउंड वॉलला दर उन्हाळ्यात भेग पडते आणि पावसाळ्यात बुजते, हे पण हेच का? कोणी सांगितलं की पायात वाळू भरा.

काळीमाती
मन्या, तो काळ्या मातीचा फुगण्या-आकसण्याचा खेळ, खाली मऊ थर असायची गरज नाही. वेगळा धागा काढ, तिथे बोलू. इथे त्याचा संबंध येतो तो मी खाली लिहितो.
मातीवाला, मला तुमच्या ८ टनावर शंका आहे. पारडीकर, बोअर कोणत्या महिन्यात घेतला?

पारडीकर_सिव्हिल
मे च्या तिसऱ्या आठवड्यात. जमिनीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा होत्या.

काळीमाती
तेच म्हणत होतो. नागपूरचा मे म्हणजे वरची दीड मीटर काळी माती वाळून वीट झालेली. तो एन १३ म्हणजे मातीची ताकद नाही, उन्हाची ताकद आहे. तीच माती सप्टेंबरात अंगठ्याने दाबली तर खळगा पडतो. दुसरं, भेगा. तुम्ही परीघावर सलग ताकद धरली, पण भेग गेलेल्या जागी कापायला काही उरतच नाही.

मातीवाला
बरोबर पकडलंत, मी रिपोर्टचा आकडा आहे तसा घेतला. भिजल्यावर ८ चे ४ झाले असं धरा. कडा २४, बूड ४३, एकूण ६७ टन. सेफ्टी पुन्हा १.३४. बूड बदलत नाही कारण पाण्याखालची मऊ माती मे मध्येही तेवढीच मऊ. म्हणून अशा जागी कडक थराची ताकद पावसाळ्यानंतरची घ्यावी, निदान नमुना भिजवून तपासावा. पारडीकर, आता पाऊस सुरू आहेच, एक काम करा. फुटिंगच्या जागी खड्डा १.२ पर्यंत घ्या आणि तिथून हाताच्या ऑगरने खाली जा. दर २० सेंमीला माती काढून पहा. ऑगर जोर लावून फिरतोय तोवर कडक, मग एकदम हलका जायला लागतो, आणि माती बोटांच्या मधून बाहेर येते. ती तुमची हद्द. चारही कोपऱ्यांत करा, एका बोअरवर विश्वास ठेवू नका, नाल्याजवळ थर वाकडे असतात. आणि कोणाकडे फील्ड व्हेन मिळाला तर मऊ थरात तो लावा, एन ३ वरून काढलेली १.८ ही अगदी ढोबळ आहे. एवढ्या मऊ मातीत एसपीटीचा एखादा ठोका इकडे-तिकडे झाला तरी बुडाचा आकडा तिसऱ्या हिश्श्याने बदलतो.

खडगाव_रोड
माझा अनुभव, थोडा वेगळा. आम्ही वाडीच्या पुढे एका गोडाऊनचा पाया खोदला, एक मीटरवर पिवळा मुरूम लागला, सगळे खूश, पीसीसी मारून टाकला. तो मुरूम नैसर्गिक नव्हताच. जुन्या खाणीच्या खड्ड्यात गाळ साचला होता आणि कोणीतरी वरून मुरूम टाकून रोलर फिरवून प्लॉट पाडले होते. ट्रस उभारायला हायड्रा क्रेन आली, तिचं एक चाक आमच्या फुटिंगच्या बाजूलाच रात्रीच्या पावसानंतर धप्पकन अर्धा मीटर आत गेलं आणि त्या भोकातून काळा वास मारणारा चिखल वर आला. तेव्हा कळलं. देव पावला म्हणून बूम खाली होता. मुरूम लागला की पोचलो असं आता मी कधीच मानत नाही, पहार मारून मुरमाच्या खाली काय आहे ते पाहतो.

रेवती_जिओ
हायड्राचं चाक म्हणजे छोटं फुटिंगच. तुमच्या मुरमाला मात्र मातीवाला सरांचा वरचा हिशोब जसाच्या तसा लावू नका, मुरूम घर्षणावर धरतो, कडेची ताकद जाडीच्या वर्गाच्या हिशोबात वाढते आणि रोलिंग कसं झालंय त्यावर फार अवलंबून. पातळ मुरूम म्हणूनच फसवतो, जाडी निम्मी झाली की कडेचा आधार चौथाई होतो.

बॉम्बे_हाय_रिटर्न
मी समुद्रातल्या जॅक-अप रिगवर होतो, आता नागपूरला परत. तिथे रिगच्या पायांखाली मोठ्या बशीसारखे स्पडकॅन असतात आणि हीच भीती असते, वर कडक थर, खाली मऊ, पाय एकदम कित्येक मीटर आत गेला तर रिग वाकडी. म्हणून काम सुरू करायच्या आधी रिग पाण्याच्या जरा वर उचलून टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात, मुद्दाम वादळात येईल तेवढा भार पायांवर आणतात, जायचं असेल तर तेव्हाच जाऊ दे म्हणून. घराला असं करता येणार नाही हे खरं, पण फुटिंग लहान ठेवून भार वाढवणं सगळ्यात वाईट हे तिथेही शिकलो.

पारडीकर_सिव्हिल
मंडळी, चार दिवसांनी येतोय. काल दिवसभर चिखलात उभं राहून ऑगर मारला, मामा छत्री धरून बघत होता.
रस्त्याकडच्या दोन कोपऱ्यांत हद्द २.२ मीटरवर, तुमचा अंदाज तंतोतंत. मध्ये साधारण २.०. नाल्याकडच्या कोपऱ्यात १.७ वरच ऑगर हलका झाला. आलेली माती राखाडी, मध्ये कुजलेली मुळं, शिंपल्याचे तुकडे. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांना विचारलं तर म्हणाले तिथे आधी म्हशी डुंबायच्या. आणि वरची काळी माती आता मे सारखी नाहीच, खड्ड्याच्या भिंतीत अंगठा जोर लावून जातो.
म्हणजे नाल्याकडच्या कोपऱ्यात फुटिंगखाली अर्धाच मीटर कडक थर आणि तोही भिजलेला. मी हिशोब केला, कडा १२ टन, बूड ४३, एकूण ५५. त्या कॉलमवर लोड थोडा कमी आहे, ४२, तरी सेफ्टी १.३. मामाला आकडे नाही सांगितले, ती ऑगरमधली माती हातात दिली. तो गप्प झाला.
आता फुटिंग वर उचलून मोठं करायचं का? ०.७ वर घेतलं आणि अडीच मीटर केलं तर?

मातीवाला
शाब्बास. असं काम फार थोडे लोक करतात.
तुमच्या पर्यायाचा हिशोब. आतल्या ५० टनाच्या कॉलमखाली हद्द २ मीटर धरू, म्हणजे ०.७ वर कडक थर १.३. भिजलेले ४ धरू. कडा: १० गुणिले १.३ गुणिले ४ चे पाऊण, ३९ टन. बूड: ६.२५ गुणिले १०.८, साडेसदुसष्ट. एकूण १०६, सेफ्टी २.१. आधीच्यापेक्षा खूप बरं, पण बघा की फायदा कडेपेक्षा बुडातून जास्त आला. क्षेत्रफळ वाढवणं हाच इथला खरा उपाय. तरी २.१ वर मी सही करणार नाही.

काळीमाती
आणि मी ०.७ वर अजिबात सही करणार नाही. ती पूर्ण फुगण्या-आकसण्याच्या पट्ट्यात येते. पंचिंगपासून पळून मन्याच्या कंपाउंड वॉलमध्ये जाऊन पडाल. आतला ५० टनाचा कॉलम दाबून धरेल कदाचित, पण पोर्चचा हलका कॉलम दर पावसाळ्यात वर उचलला जाईल.

मातीवाला
काळीमाती, भोवती एप्रन, पाणी दूर नेणं, फुटिंगखाली नाही पण बाजूने मुरमाचा भराव, यांनी ओलाव्याचा चढउतार बराच कमी होतो. मी ०.९ वर केलेली घरं टिकलेली पाहिलीत.

काळीमाती
टिकलेली तुम्हाला बोलवतात, तडकलेली मला. या मुद्द्यावर आपलं जमणार नाही.

रेवती_जिओ
दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहतेय. घुसणं टाळलं तरी खचणं आहेच. मऊ थर २.२ पासून साधारण ४.७ पर्यंत धरला, रिपोर्टमध्ये कन्सॉलिडेशन टेस्ट नाही म्हणून अशा मातीचे नेहमीचे आकडे घेतले, तर मूळ २ मीटरच्या फुटिंगखाली ८० मिमीच्या आसपास येतं, अडीच मीटर केलं तर ७० च्या जवळ. आयएस १९०४ मध्ये अशा मातीवर आरसीसी फ्रेमच्या सुट्या फुटिंगला ७५ मिमी कमाल दिलंय. म्हणजे काठावर. आणि नाल्याकडे हद्द वर आलीय म्हणजे तिथे मऊ थर जाड, तो कोपरा जास्त खचणार, घर त्या बाजूला झुकणार. मला तरी सुटी फुटिंगं नकोच वाटतात. सहा मीटरला खडक आहे, पाइल घ्या.

वऱ्हाडी_ठेकेदार
अंडररीम्ड पाइल आपण नेहमी करतो, साडेतीन मीटरचे. करून देऊ?

रेवती_जिओ
दादा, साडेतीन मीटर म्हणजे बल्ब नेमका त्या मऊ चिखलात. तिथे बल्बचं भोक उभंही राहणार नाही. खडकात टेकायलाच हवेत, सहा मीटरच्या खाली, आणि पाणी दोनवर आहे म्हणून भोक धरायला बेंटोनाइट किंवा केसिंग लागेल.

वऱ्हाडी_ठेकेदार
होय, हे काम वेगळं. माझ्याकडे ती रिग नाही, पण कळमन्याकडे एकाकडे आहे, नंबर व्यक्तिगत निरोपात टाकतो.

स्लॅबवाले_काका
राफ्टचा विचार केला का? घर लहान आहे, सगळं एकत्र बांधलं जाईल.

मातीवाला
राफ्टने दाब ३-४ टनांवर येईल आणि घुसण्याचा धोका जवळजवळ जाईल, काका बरोबर. पण नाल्याकडचा जास्त खचाव राफ्टने थांबत नाही, फक्त घर न तडकता एकसंध झुकेल. ट्रान्सकोनाचं कोठार तसंच झुकलं होतं. पाइल आणि राफ्ट, दोन्हीचे दर काढा, पण त्याआधी नाल्याकडे एक बोअर आणि मऊ थरातला एक न हललेला नमुना कन्सॉलिडेशनसाठी. त्याशिवाय रेवतीताईंचे ७० आणि माझा १०६, दोन्ही अंदाजच.

पारडीकर_सिव्हिल
बोअरवाल्याला सांगितलंय, सोमवारी येतोय. यावेळी दर ७५ सेंमीला एन घ्यायला लावणार. मामाने एकच विचारलं, नाल्याकडचा तो कोपरा सोडून घर रस्त्याकडे तीन मीटर सरकवता येईल का. नकाशात मागे जागा सुटतेय तशी.

रेवती_जिओ
मामांना सांगा हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी आधी विचारायला हवा होता. पण पुढच्या मार्जिनचा नियम पहा, आणि सरकवलेल्या जागेवर मध्येही एक ऑगर मारा, हद्द सरळ रेषेत उतरते असं धरू नका.